बिल्डरच्या पार्टनरनाच पत्र लिहितेय, आधीच्या सगळ्या तक्रारी तारीखवार टाकून. मसुदा बघाल का?

भायलीकरीण · ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बडोद्यात वासणा-भायली रोडला एका स्कीममधे चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, १९ मे २०२२ ला पझेशन घेतलं. मुलांच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात खिडकीखाली ओली होते. २०२३ च्या जुलैत पहिल्यांदा दिसलं तेव्हा तळहाताएवढा डाग होता, यंदा खिडकीच्या कट्ट्यापासून पार स्कर्टिंगपर्यंत उतरलाय, पुट्टी फुगून पोपडे पडतात, आणि मुलाचं दप्तर त्या भिंतीला टेकवलेलं असायचं तर सप्टेंबरमधे उचललं तेव्हा मागची सगळी बाजू बुरशीने हिरवी. त्या दिवशी मला खरंच रडू आलं, कारण तोवर मी दोन वर्षं यांच्या मागे लागून झाले होते.

साइटवाले, कस्टमर केअर, सेल्स ऑफिस सगळं झालं. आता वरच्या लोकांनाच पत्र पाठवायचं ठरवलंय. पत्र इंग्रजीतून जाईल, इथे मराठीत टाकते. कच्चा मसुदा असा:

"माननीय साहेब, आम्ही गेली अडीच वर्षे वारंवार तक्रार करत आहोत पण आपला स्टाफ अजिबात दाद देत नाही. अनेकदा फोन केले, मेसेज केले, ऑफिसच्या चकरा मारल्या. भिंतीला वॉटरप्रूफिंग केलेलेच नाही, ही सरळ फसवणूक आहे. ताबडतोब योग्य ती कारवाई करावी, अन्यथा कोर्टात जावे लागेल."

काय कमी-जास्त करू सांगा. घरचे म्हणतात चांगलं कडक झालंय.

करेलीबागकर · ९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, पत्राबित्राच्या भानगडीत पडू नका. रेरा कायद्यात बिल्डरवर पाच वर्षं जबाबदारी असते ती फक्त स्ट्रक्चरची, म्हणजे कॉलम बीम स्लॅब. ओल, प्लास्टर, रंग यांची एकच वर्ष गॅरंटी, तुमच्या बानाखतात, म्हणजे खरेदीच्या करारात, शेवटच्या पानांवर असेल बघा. आमच्यात तसंच होतं आणि बिल्डरने तेच पान दाखवून आम्हाला परत पाठवलं. त्यामुळे सरळ वकिलाची नोटीस द्या, निदान घाबरतील तरी.

इंदूरकर_भाऊ · १० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

आमचं पण सेम झालंय इंदूरला, पझेशनच चौदा महिने लेट दिलं. तुम्ही लेट झालेल्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागा, बानाखतात कबूल केलेली पझेशनची तारीख आणि प्रत्यक्ष पझेशनची तारीख एवढंच लागतं, आम्ही भोपाळच्या रेराला तेवढ्यावरच लावलंय.

भायलीकरीण · १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

@इंदूरकर_भाऊ, नाही हो दादा, पझेशन आम्हाला वेळेवर मिळालं, बीयू, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, पण आलेली होती. प्रश्न फक्त भिंतीचा आहे. @करेलीबागकर, बानाखतात खरंच एक वर्ष लिहिलंय, आत्ताच काढून बघितलं. मग काय संपलं का सगळं?

दांडियाबाजार_जुना · १० नोव्हेंबर, सकाळी ११:०५

काही संपलेलं नाही. मी तीस वर्षं एका कारखान्यात पत्रव्यवहार आणि कायद्याचं खातं बघितलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

करेलीबागकरांचं अर्धं बरोबर आहे. पाच वर्षं आहेत हे खरं, पण ती नुसत्या स्ट्रक्चरची नाहीत. रेरा कायदा २०१६, कलम १४ चं पोटकलम ३ काढून वाचा. त्यात स्ट्रक्चरल दोष आहेच, पण कारागिरी, दर्जा, सेवा यातला कुठलाही दोष आहे. पझेशनपासून पाच वर्षांच्या आत तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला की त्याने तीस दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई मागता येते. बानाखतात एक वर्ष छापलं म्हणून कायद्याची पाच वर्षं कमी होत नाहीत. तुमचं पझेशन १९ मे २०२२, म्हणजे मे २०२७ पर्यंत तुम्ही मुदतीत आहात.

आता त्या वाक्यात "लक्षात आणून दिला" हे शब्द आहेत ना, तुमच्या पत्राचं सगळं वजन त्यावर आहे. केव्हा आणून दिलं, कोणाच्या, कशाने, आणि त्यांनी काय केलं. आणि तुमच्या मसुद्यात नेमकं हेच नाही. "वारंवार", "अनेकदा", "चकरा" हे शब्द वरच्या माणसाने वाचले की तो खाली फोन लावतो, काय रे काय झालं, आणि खालचा सांगतो साहेब एकदा पेंट करून दिलं, आता उगाच बोलतायत. संपलं. तुमच्या हातात तारखा असतील तर त्याला खालच्याला विचारायची गरजच राहत नाही.

तेव्हा आधी फोन उघडा आणि जे आहे ते इथे तारखेने टाका. आठवणीतून नको, बघून.

भायलीकरीण · १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

काका, संध्याकाळपासून तेच करत बसले होते. व्हॉट्सॲपमधे त्या सुपरवायझरचं चॅट शोधता शोधता २०२३ पर्यंत मागे गेले. हे सापडलं:

१७ जुलै २०२३ – साइट सुपरवायझरला चार फोटो आणि मेसेज. त्याच दिवशी उत्तर "ओके मॅडम, बघून घेतो".

२ ऑगस्ट २०२३ – तो पेंटरला घेऊन आला, खरवडून पुट्टी लावून रंग दिला. लेखी काही नाही, पण आदल्या दिवशीचा "उद्या माणूस पाठवतो" असा त्याचा मेसेज आहे.

१ जुलै २०२४ – परत तिथेच ओल, परत फोटो. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

६ सप्टेंबर २०२४ – कस्टमर केअरला ईमेल, तिकीट नंबर आला. चार दिवसांनी त्यांचा फोन, म्हणाले हे पुरामुळे झालंय, त्यात कंपनी काही करू शकत नाही.

२० जानेवारी २०२५ – अर्ज घेऊन सेल्स ऑफिसला गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने घेतला पण पोच द्यायला तयार नव्हती, शिक्का वरती असतो म्हणाली. मी अर्ज काउंटरवर ठेवलेला असतानाच फोटो काढून घेतला.

८ जुलै २०२५ – व्हिडिओसकट परत ईमेल, नवं तिकीट. ११ जुलैला "तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेल आला आणि तिकीट बंद. कोणीही आलं नव्हतं.

२२ सप्टेंबर २०२५ – दप्तराचा फोटो लावून रिमाइंडर. आजतागायत उत्तर नाही.

मधे फोन पुष्कळ केलेत, पण ते कॉल लॉगमधून गेले, फोन बदलला.

मांजलपूरची_वहिनी · १० नोव्हेंबर, रात्री ९:५५

अगं, चौथ्या मजल्यावर पूर कुठून येणार! २०२४ च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्रीचं पाणी आमच्या पार्किंगमधे कंबरेएवढं होतं, पण पहिल्या मजल्यावरसुद्धा कोणाला काही झालं नाही.

आमचा अनुभव सांगते. लिफ्टसाठी आम्ही सोसायटीतल्या बेचाळीस जणांच्या सह्यांचं पत्र दिलेलं, त्यात लिफ्ट, पार्किंग, गार्डनचा बोअर, सगळंच घातलं. उत्तर आलं की मुद्दे मोघम आहेत आणि कॉमन एरिया आता सोसायटीकडे सोपवलाय, तिकडे बोला. सोसायटीचे प्रमुख म्हणतात बिल्डर बघेल. वर्ष त्यातच गेलं. आणि तुझी तर बाहेरची भिंत, म्हणजे कॉमन एरियाच झाला ना? तुला पण हेच ऐकवणार बघ.

दांडियाबाजार_जुना · ११ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

वहिनींनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. बाहेरची भिंत सोसायटीच्या ताब्यात गेली तरी बांधकामातला दोष बांधणाऱ्याचाच राहतो, पण हे उत्तर ते देणार हे धरून चाला आणि आधीच दार बंद करा. प्रमुखांकडून दोन ओळींचं पत्र घ्या की पझेशनपासून सोसायटीने त्या भिंतीवर बाहेरून कुठलंही काम केलेलं नाही. तेवढं जोडलं की टोलवाटोलवीला जागा कमी.

तारखा उत्तम काढल्यात. यातल्या दोन नोंदी सोन्यासारख्या आहेत. एक २ ऑगस्ट २०२३. तुम्हाला वाटतं लेखी काही नाही म्हणजे कच्ची नोंद, पण त्यांनी माणूस पाठवला याचाच अर्थ त्यांना दोष कळला होता आणि त्यांनी तो नाकारला नाही. नंतर ते म्हणू शकतात की सुपरवायझरच्या फोनवरचा मेसेज म्हणजे कंपनीला कळवणं नव्हे, आणि यावर वाद होऊ शकतो हे मी मान्य करतो, पण पेंटर कंपनीने पाठवला असेल तर त्यांची बाजू लंगडी होते. दुसरी ११ जुलै २०२५, कोणी न येता "सोडवली" म्हणून बंद केलेलं तिकीट. हे वरच्या माणसाला माहीत नसतं. त्याच्या रिपोर्टमधे ती तक्रार हिरवी दिसते. पत्र वर पाठवायचं खरं कारण हेच, त्यामुळे पहिल्याच परिच्छेदात हे आलं पाहिजे.

ज्या फोनचा पुरावा नाही ते फोन पत्रात घालू नका. सात पक्क्या नोंदींमधे एक कच्ची शिरली की समोरचा तीच धरून बसतो. आणि ईमेलच्या प्रिंटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ दिसू द्या, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट काढताना वरचं नाव-नंबर कापू नका. मूळ चॅट तर अजिबात डिलीट करू नका, पुढे केस झालीच तर नव्या साक्ष कायद्यात कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्याला मूळ फोन लागतो.

"फसवणूक" काढा. ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्याची तुम्हाला गरजही नाही. भिंत ओली आहे आणि कोणी आलं नाही, एवढं पुरे.

साइटवरचा_माणूस · ११ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी स्वतः बिल्डरकडेच साइट इंजिनीअर आहे (दुसऱ्या), म्हणून सांगतो, "वॉटरप्रूफिंग केलेलंच नाही" हे वाक्य पण काढा. तुम्ही ते बघितलेलं नाही. आमच्यासारखा माणूस येऊन केमिकलचं बिल दाखवेल आणि म्हणेल मॅडमचं पत्रच चुकीचं आहे. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा. ओल कुठून कुठपर्यंत, फूटपट्टी धरून फोटो, कधी येते कधी जाते.

आता मला सांगा, १) पाऊस पडल्यावर किती वेळाने दिसते, २) नोव्हेंबरमधे सुकते का, ३) वरच्या फ्लॅटचं बाथरूम त्या बाजूला आहे का, ४) त्या भिंतीवर बाहेरून तुम्ही काही बसवलंय का.

भायलीकरीण · ११ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

वाऱ्याचा झोडपणारा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी, नुसता सरळ पडला तर काही नाही. दिवाळीनंतर सुकते, आत्ता तर कोरडी ठणठणीत आहे आणि पांढरी पावडर सुटते. वरचं बाथरूम दुसऱ्या बाजूला आहे, सीलिंग पूर्ण कोरडं.

चौथं उत्तर द्यायला मला जरा जड जातंय. एप्रिल २०२३ मधे आम्ही त्या खोलीत एसी बसवला, त्याचं आउटडोअर युनिट त्याच भिंतीवर बाहेरून ब्रॅकेट ठोकून लावलंय. खिडकीच्या डाव्या बाजूला, साधारण चार-साडेचार फुटांवर. म्हणजे ओल यायच्या तीन महिने आधी. हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलं पण नाही.

करेलीबागकर · ११ नोव्हेंबर, संध्या. ४:०५

मग ते लिहूच नका. त्यांना आयतं कोलीत कशाला द्यायचं.

साइटवरचा_माणूस · ११ नोव्हेंबर, संध्या. ६:३०

नाही नाही, लिहा. माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढेल आणि पहिल्या मिनिटात त्याला ते दिसेल. तुम्ही लपवलं असं झालं की बाकीच्या सात तारखांवर पण तो शंका घेईल.

माझं म्हणणं ऐका. झोडपणाऱ्या पावसानेच येते, उन्हाळ्यात नाही, वर बाथरूम नाही, म्हणजे प्लंबिंग नाही, बाहेरच्या भिंतीतूनच पाणी येतंय. बाथरूमच्या पाइपचं असतं तर बारा महिने ओल राहिली असती. बाहेरून येण्याच्या जागा तीनच वाटतात. खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेरून उतार नसेल किंवा फ्रेमच्या कडेचं सिलंट सुटलं असेल, बीम आणि ब्लॉकची भिंत मिळते तिथल्या प्लास्टरला आडवी चीर असेल, नाहीतर तुमच्या ब्रॅकेटची भोकं. ब्लॉकवर्क आणि काँक्रीट वेगवेगळं आकसतं, त्या जोडावर प्लास्टरच्या आत जाळी मारायची असते, ती राहिली तर तिथे दोन-तीन वर्षांत सरळ रेषेत चीर येते. पण हे मी इथे बसून बोलतोय, तुमच्याकडे काय आहे ते बघितल्याशिवाय नाही सांगू शकत.

ओळखायची पद्धत सोपी आहे. नळीने बाहेरून पाणी मारायचं, पण खालून सुरुवात करून वर जायचं. आधी खिडकीच्या खालचा भाग वीस मिनिटं, आत बघायचं. मग खिडकीच्या कडा, मग ब्रॅकेटची जागा एकटी, मग वरचा बीमचा जोड. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून आत शिरलं ते कळत नाही. ब्रॅकेटची जागा वेगळी तपासली की तुमचा प्रश्न पण सुटतो. मात्र हे तुम्ही एकट्याने करू नका, त्यांच्या इंजिनीअरसमोर करा, आणि तोवर बाहेरून काहीही भरू-बुजवू नका. पत्रात मागणी म्हणून हीच टेस्ट लिहा. "योग्य ती कारवाई" लिहिलंत तर परत पेंटर येईल.

वाडीवाला · ११ नोव्हेंबर, रात्री ८:१०

एवढं करण्यापेक्षा त्यांच्या नव्या स्कीमच्या पेजवर दप्तराचा फोटो टाका. दोन तासांत फोन येतो, माझ्या मेहुण्याचं तसंच झालं.

भायलीकरीण · ११ नोव्हेंबर, रात्री ८:४५

फोन येईल दादा, पण परत रंगच मारून जातील. मला ती भिंत बाहेरून नीट करून हवीय. आधी पत्र जाऊ दे.

काका, पत्र नेमकं कोणाला लिहू? बोर्डावर जे ग्रुपचं नाव आहे त्याच्या नावे एमडी वगैरे काही सापडत नाही.

दांडियाबाजार_जुना · १२ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

कारण बोर्डावरचं नाव हा नुसता ब्रँड असतो. आपल्याकडे बडोद्यात प्रत्येक स्कीमची बहुतेक वेळा वेगळी फर्म असते. बानाखत आणि दस्तावेज उघडा, पहिल्या पानावर विकणार म्हणून जे नाव आहे ती तुमची पार्टी. मग गुजरात रेराच्या साइटवर प्रोजेक्टचा रजिस्ट्रेशन नंबर टाका, तिथे प्रमोटरचं नाव, पत्ता आणि पार्टनर कोण ते दिसेल. पत्र त्या फर्मच्या नावे, कोणाच्या लक्षासाठी म्हणून ज्या पार्टनरने तुमच्या दस्तावेजावर सही केली त्याचं नाव, आणि एक प्रत ग्रुपच्या हेड ऑफिसला. कस्टमर केअरला प्रत पाठवू नका, तिकडे गेली की परत तिकीट निघेल आणि वरचे म्हणतील खाली चालू आहे.

आता पोस्टाचं. १ सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर डिलिव्हरीचा पुरावा हवा असं सांगून पाठवा, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट दोन्ही ठेवा. पत्ता बरोबर असेल आणि पाकीट "घेण्यास नकार" म्हणून परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा, ते पोचल्यासारखंच धरलं जातं. त्याच दिवशी ईमेलही करा.

भायलीकरीण · १४ नोव्हेंबर, रात्री ११:२५

सोसायटीच्या प्रमुखांनी पत्र दिलं, खरं तर त्यांच्या पण हॉलमधे तसाच डाग आहे म्हणाले! बानाखतातली फर्म खरंच वेगळ्याच नावाची निघाली, इतकी वर्षं मी भलत्याच नावाने लिहीत होते. आता हे बघा:

"विषय: फ्लॅट क्र. __, रेरा रजिस्ट्रेशन क्र. __, पश्चिमेच्या बाहेरील भिंतीतून येणारी ओल. १७ जुलै २०२३ पासून न सुटलेली तक्रार.

आपल्या फर्मने १९ मे २०२२ रोजी ताबा दिलेल्या वरील फ्लॅटमध्ये सलग तीन पावसाळे एकाच जागी ओल येत आहे. आपल्या कार्यालयाने ११ जुलै २०२५ रोजी ही तक्रार सोडवली म्हणून बंद केली, प्रत्यक्षात त्या काळात कोणीही पाहणीस आले नाही. त्यामुळे आपणास थेट लिहीत आहे.

आजवरचा तपशील:

१७.०७.२०२३ – साइट सुपरवायझरला व्हॉट्सॲपने चार फोटो. उत्तर: 'बघून घेतो'. (जोडपत्र १)

०२.०८.२०२३ – आपल्याकडून आलेल्या पेंटरने आतून पुट्टी व रंग केला. बाहेरून काही केले नाही. (जोडपत्र २)

०१.०७.२०२४ – त्याच जागी पुन्हा ओल, सुपरवायझरला फोटो. उत्तर नाही. (जोडपत्र ३)

०६.०९.२०२४ – ईमेल, तिकीट मिळाले. नंतर फोनवर पूर हे कारण सांगण्यात आले. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि पहिली तक्रार त्या पुराच्या आधी तेरा महिन्यांची आहे. (जोडपत्र ४)

२०.०१.२०२५ – सेल्स ऑफिसमध्ये लेखी अर्ज, पोच दिली नाही. काउंटरवरील फोटो सोबत. उत्तर नाही. (जोडपत्र ५)

०८.०७.२०२५ – व्हिडिओसह ईमेल. पाहणी न करता ११.०७.२०२५ रोजी तिकीट बंद. (जोडपत्र ६)

२२.०९.२०२५ – स्मरणपत्र. उत्तर नाही. (जोडपत्र ७)

एप्रिल २०२३ मध्ये आम्ही याच भिंतीवर एसीचे आउटडोअर युनिट बसवले आहे, ते ओलीच्या जागेपासून सुमारे साडेचार फूट आहे. त्या जागेची तपासणी वेगळी करावी.

आमची मागणी: पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपल्या इंजिनीअरने आमच्यासमोर बाहेरून पाणी मारून तपासणी करावी, खालून वर, प्रत्येक जागा स्वतंत्र. निष्कर्ष लेखी द्यावा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे तीस दिवसांत बाहेरून दुरुस्ती आणि नंतर आतील प्लास्टर-रंग विनामूल्य करून द्यावे. तसे न झाल्यास गुजरात रेराकडे तक्रार दाखल करू."

फोन कॉलचं ६ सप्टेंबरच्या नोंदीत ठेवलंय, पुराबद्दल ते जे म्हणाले ते फोनवरच होतं म्हणून. चालेल ना?

दांडियाबाजार_जुना · १५ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

चालेल, पण "फोनवर" हे जसं स्वच्छ लिहिलंय तसंच राहू द्या, आणि त्याची तारीख नक्की आठवत नसेल तर घालू नका. कोर्टाऐवजी रेरा लिहिलंत ते बरं केलंत. बाकी पत्र झालं. जोडपत्रांवर प्रत्येकी वर उजवीकडे नंबर टाका, नाहीतर वाचणारा शोधत बसतो.

करेलीबागकर · १५ नोव्हेंबर, दुपारी १२:००

एक विचारू का, ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते ना? पहिली तक्रार जुलै २०२३ ची तुम्हीच लिहून देताय, मग ते म्हणणार मुदत जुलै २०२५ ला गेली. रेरात नाही तर ग्राहकमधे तरी अडकाल.

दांडियाबाजार_जुना · १५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

हा प्रश्न चांगला काढलात. दोन वर्षं खरी आहेत, ती कारण घडल्यापासून मोजतात. आता कारण कधी घडलं, पहिला डाग दिसला तेव्हा, की रंग मारूनही जुलै २०२४ ला परत आला तेव्हा, की कोणी न येता तिकीट बंद केलं तेव्हा? यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आयोग उशीर माफही करू शकतो. पण त्या भीतीने पहिली तारीख लपवली तर रेराच्या पाच वर्षांतली आपली सगळ्यात जुनी नोंद आपणच पुसतो. ताईंनी ग्राहक आयोगात जायचं ठरवलंच तर जून २०२६ च्या आत वकिलाला दाखवावं, एवढंच मी म्हणेन.

भायलीकरीण · १७ नोव्हेंबर, संध्या. ५:५०

आज रावपुऱ्याच्या पोस्टातून दोन्ही पाकिटं गेली, ईमेलही केला. एकेका पाकिटात तेवीस पानं झाली.

भायलीकरीण · २४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अपडेट देते. १९ तारखेला डिलिव्हरी दाखवतंय. शुक्रवारी दुपारी स्वतः पार्टनरसाहेबांचा फोन आला. बोलणं नीट होतं, म्हणाले तिकीट बंद झालेलं मला माहीतच नव्हतं, आणि लगेच पुढे, "बेन, उद्या पेंटर पाठवतो". मी म्हटलं साहेब, पेंटर नको, पत्राच्या शेवटी जी तपासणी लिहिली आहे ती हवी. थोडं थांबून म्हणाले बरं, इंजिनीअर येईल, पण एसीच्या भोकांतून निघालं तर खर्च तुमचा. मी हो म्हटलं, कारण ते मला पटतं.

काकांनी शिकवल्याप्रमाणे फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात ईमेल केला, "आज दुपारी आपलं असं-असं बोलणं ठरलं, चुकीचं असल्यास कळवावे". त्यावर त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "नोटेड". ते आठवं जोडपत्र म्हणून फाइलला लावलं.

तपासणी २९ तारखेला सकाळी दहाला ठरली आहे. प्रमुखांच्या हॉलची भिंत पण त्याच दिवशी बघा असं त्यांनी वेगळं पत्र दिलंय. @साइटवरचा_माणूस, नळीला प्रेशर किती असावं, साधा बागेचा पाइप चालेल का? आणि पाणी मारताना आत कोणी थांबायचं, मी की त्यांचा माणूस?

साइटवरचा_माणूस · २४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

बागेचा पाइप चालेल, तोंडाला शॉवर लावा, जोराची धार नको, नाहीतर चांगल्या भिंतीतूनही पाणी घुसतं आणि ते म्हणतील टेस्टच चुकीची. आत दोघंही थांबा. कोरड्या भिंतीचा फोटो सुरू करायच्या आधी घ्या, त्याच्यासमोर. आणि प्रत्येक जागेला किती वाजता सुरू केलं ते कागदावर लिहून शेवटी त्याची सही घ्या. नाही दिली सही तर तो कागद तसाच ईमेलने पाठवा. भिंत आता सुकलेली आहे म्हणून पहिल्या वीस मिनिटांत काही दिसलं नाही तरी लगेच पुढच्या जागेवर जायची घाई करू देऊ नका, ब्लॉक आधी पाणी पितो मग आत दाखवतो, गरज पडली तर त्या दिवशी खिडकीखालचा भागच करा आणि ब्रॅकेट दुसऱ्या दिवशी.

मांजलपूरची_वहिनी · २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

२९ ला मी येऊ का गं सोबत? व्हिडिओ मी काढते, तू कागद सांभाळ.

भायलीकरीण · २४ नोव्हेंबर, रात्री १०:३४

ये ना, नऊलाच ये, चहा घेऊन सुरू करू.